शिरोरेषेवर बसलेला बेडूक : मुलांच्या वाढदिवसाचं निमंत्रण कसं तयार करायचं

समजा, ओवी नावाची मुलगी पाच वर्षांची होते आहे. तिला सध्या बेडकांचं वेड आहे, म्हणून निमंत्रणावर बेडूक हवाच. पार्टी डोंबिवली पूर्वेला, राहत्या सोसायटीच्या गच्चीवर. बोलवायचंय बालवाडीतल्या बारा-तेरा मुलांना, त्यांच्या आईबाबांना आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांना. हे निमंत्रण कोऱ्या पानापासून तयार करू. तुमच्याकडे लॅपटॉप असो नाहीतर नुसता फोन, आणि ॲप कुठलंही असो. त्यात मराठी टाइप करता आलं आणि मजकुराची चौकट हवी तशी फिरवता आली की पुरे.

मी नात्यातल्या आणि शेजारच्या मुलांची निमंत्रणं बरीच वर्षं करून देते. त्यात एक चूक सगळ्यात जास्त दिसते. नाव खेळकर अक्षरात, तारीख खेळकर अक्षरात, पत्ताही खेळकर अक्षरात. कार्ड गोड दिसतं, पण शनिवारी दुपारी मुलाला तयार करता करता आई फोन उघडते तेव्हा तिला वेळ सापडत नाही. म्हणून पुढचं सगळं एका वाटणीवर उभं आहे : मुलाच्या नावाने मनसोक्त उड्या माराव्यात, आणि बाकीच्या ओळींनी शहाण्यासारखं सरळ उभं राहावं.

आधी मजकूर, तोही कागदावर

ॲप उघडायच्या आधी वहीत लिहा : कुणाचा, कितवा, कोणत्या दिवशी, किती ते किती, कुठे, आणि येणार असल्याचं कुणाला, कधीपर्यंत कळवायचं.

तारखेपाशी जरा थांबू. ओवीचा वाढदिवस गुरुवारी, १२ फेब्रुवारी २०२६ ला. गुरुवारी आईबाबांना सुट्टी नाही, त्यामुळे पार्टी साहजिकच रविवारी, १५ तारखेला ठेवावीशी वाटते. पण भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं की कळतं, १५ ला महाशिवरात्र आहे. आजीआजोबांचा उपास, काही आईबाबांचाही, आणि बेत पावभाजीचा. म्हणून शनिवार, १४ तारीख. निमंत्रणाच्या दिवसाला उपास, शाळेची परीक्षा किंवा लांबची लग्नं आड येतात का, हे मजकूर लिहितानाच बघा. कार्ड सगळ्यांना गेल्यावर तारीख बदलली, तर निम्म्या लोकांच्या फोनमध्ये जुनंच चित्र राहतं.

आता दोन तारखा झाल्या : वाढदिवसाची आणि पार्टीची. कार्डावर एकच लिहायची, पार्टीची. माझ्या भाच्याच्या निमंत्रणावर मी हौसेने दोन्ही लिहिल्या होत्या. वर ‘१० तारखेला आमचा राजा चार वर्षांचा होतोय’ आणि खाली पार्टीची १३ तारीख. एक कुटुंब १० तारखेला संध्याकाळी भेट घेऊन दारात उभं राहिलं. त्यांनी वरची ओळ वाचली होती, आणि ती वाचल्यावर खालची वाचायचं त्यांना काही कारण नव्हतं. तेव्हापासून दुसरी तारीख मी कार्डावर येऊच देत नाही.

लिहिताना वार आधी, मग तारीख, आणि महिना अक्षरी : ‘शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६’. लोक कार्यक्रम वारावरून लक्षात ठेवतात, आणि वार-तारखेचा मेळ बसला नाही तर कुणीतरी लगेच विचारतं, म्हणजे चूकही पकडली जाते. महिना आकड्यात नको, कारण अमेरिकेतल्या मावशीला ५/३ म्हणजे तीन मे वाटतो. ती येणार नसली तरी त्या दिवशी व्हिडिओ कॉल करणार असतेच.

वेळ ‘५ वाजता’ एवढीच लिहिली तर पालकाला मुलाला परत न्यायला कधी यायचं ते कळत नाही. म्हणून ‘संध्याकाळी ५ ते ७.३०’. आणि केक कापायची वेळ वेगळी द्या. आपल्याकडे पाचचं बोलावणं म्हणजे साडेपाच हे सगळे धरून चालतात, पण ‘केक ६ वाजता’ असं दिसलं की त्याच्या आत पोचायची धडपड करतात. पाच वर्षांच्या मुलाला केक हुकला तर त्याचं दुःख रात्रभर पुरतं.

पत्त्यात मुंबईच्या आसपास ‘पूर्व’ किंवा ‘पश्चिम’ हा शब्द विसरू नका. तो राहिला तर माणूस स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरतो आणि पूल ओलांडून परत येतो. सोसायटीला दोन फाटकं असतील तर कुठल्या फाटकाने यायचं, कुठली विंग, लिफ्ट कुठपर्यंत जाते, हेही लिहा. गच्चीपर्यंत शेवटचा एक जिना असतो, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला तो आधीच माहीत असलेला बरा.

उत्तराची ओळ मात्र नीट घडवावी लागते. ‘अगत्य येण्याचे करावे’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही, कारण त्यात काही विचारलेलंच नाही. आपल्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : किती मुलं, किती मोठी माणसं, आणि अंडं किंवा शेंगदाणा चालत नाही असं कुणी आहे का. यातली शेवटची गोष्ट चित्रावर गर्दी करते, ती सोबतच्या मेसेजमध्ये विचारू. चित्रावर कुणाला आणि कधीपर्यंत कळवायचं एवढंच. मुदत कशी ठरवायची? खरेदीवरून उलटं मोजा. केकवाल्याला वजन गुरुवारी सांगायचंय, मुलांना द्यायच्या भेटी गुरुवारीच आणायच्यात, म्हणून मुदत बुधवार, ११ फेब्रुवारी. ‘लवकर कळवा’ लिहिलं तर शुक्रवारी रात्री साडेदहापर्यंत उत्तरं येत राहतात.

वहीतला मजकूर असा झाला :

बेडूकउड्या मारायला या!
ओवी
पाचवा वाढदिवस

शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६
संध्याकाळी ५ ते ७.३०
केक ६ वाजता

पारिजात सोसायटी, बी विंगची गच्ची
डोंबिवली पूर्व
दुसऱ्या फाटकाने आत या. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत, पुढे एक जिना.

कोण कोण येणार ते बुधवार, ११ फेब्रुवारीपर्यंत
ओवीच्या आईला कळवा : (फोन क्रमांक)

‘आमच्या येथे श्रीकृपेने’ वगैरे लग्नपत्रिकेची भाषा इथे आणू नका. हे बोलावणं ओवीचं आहे, आणि तिच्या मैत्रिणीला कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

नावाला उड्या मारायला शिकवणं

मजा इथेच आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून सावकाश जाऊ.

इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी असतात. त्यातलं एक वाकडं केलं, एक वर उचललं, तरी शब्द शाबूत राहतो. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, आणि त्यांच्यावर-खाली मात्रा, वेलांट्या, उकार, रफार लटकलेले असतात. म्हणून इंग्रजी कार्डाची नक्कल करून प्रत्येक तुकडा वेगळा नाचवला, तर व एकीकडे आणि त्याची वेलांटी दुसरीकडे जाते. एक नियम पाळा : उडी मारायची ती पूर्ण अक्षराने. वेलांटी, मात्रा आणि रफार त्याच्या अंगावरचे कपडे आहेत, ते त्याच्याबरोबरच गेले पाहिजेत.

ओवीचे तुकडे दोनच : ओ आणि वी. शौर्यचे शौ आणि र्य, कारण रफार य च्या डोक्यावर बसतो. अर्णवचे अ, र्ण, व. मुक्ताचे मु आणि क्ता, जोडाक्षर फोडायचं नाही. एकदा हे तुकडे कागदावर पाडले की बाकीचं सोपं आहे. ॲपमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी मजकुराची वेगळी चौकट घ्या. एका चौकटीत ‘ओ’ टाइप करा, दुसरीत ‘वी’. वेलांटी आपोआप व ला चिकटून राहते, आणि दोन्ही चौकटी हव्या तशा फिरवता येतात. लॅपटॉपवर Inkscape वापरणाऱ्यांनी अक्षरांचा आकार मोकळा केल्यावर, म्हणजे Path > Object to Path केल्यावर, आधी Ungroup करून व आणि वेलांटी दोन्ही निवडून Path > Union द्यावं, नाहीतर हलवताना वेलांटी मागे राहते.

आता ओ डावीकडे साधारण ६ अंश कलवा, वी उजवीकडे ५ अंश, आणि वी थोडी वर उचला. बस. १० अंशांच्या पुढे कलवलं तर काना तिरपा होतो आणि डोळा अडखळतो. चार अक्षरी नाव असेल तर सगळी अक्षरं नाचवायची गरज नसते. दोन हलली आणि दोन स्थिर राहिली तर हललेली जास्त उठून दिसतात.

शिरोरेषेचं काय? ती आता ओ आणि वी यांच्यामध्ये तुटली. तुटली तर नीट तुटू द्या. दोन तुकड्यांमध्ये किमान शिरोरेषेच्या जाडीएवढी फट ठेवा, म्हणजे ती मुद्दाम ठेवलेली दिसते. दोन रेषांची टोकं एकमेकांना वाकडी घासत असतील तर बघणाऱ्याला ते काम बिघडल्यासारखं वाटतं. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी पट्टी प्रत्येक ॲपमध्ये असते, तिला मात्र मराठीत हात लावू नका, नावालाही नाही आणि मजकुरालाही नाही. इंग्रजीत ती शोभते. मराठीत ती शिरोरेषेचे सारखे तुकडे करते, आणि काही ॲपमध्ये वेलांटीला अक्षरापासून लांब सारते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. शिरोरेषा तोडायचीच नाही, उलट तिचा खेळ करायचा. नाव सरळ लिहा, आणि शिरोरेषेच्याच जाडीची, गोल टोकांची एक पट्टी काढून ती रेषा दोन्ही बाजूंना कार्डाच्या कडेपर्यंत न्या. झाली दोरी. दोरीवर पताका टांगता येतात, फुगे बांधता येतात, आणि बेडूक बसवता येतो. बेडकाची जागा शोधायला नावाकडे नीट बघा. ओ ला उजव्या कान्यावर मात्रा आहे, वी वर वेलांटीची कमान आहे. रिकामी जागा आहे ती ओ च्या डाव्या खांद्यावर. बेडूक तिथे बसवला की तो मात्रेखाली दबत नाही आणि त्याची नजर नावावरून पुढे जाते.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बेडकासमोर एक माशी हवीशी वाटली, आणि ती मी वेलांटीच्या वर ठेवली, काळी, गोल, छोटी. कार्ड बघून आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, “हिचं नाव ओवीं आहे का गं?” माशीचा अनुस्वार झाला होता. देवनागरीत शिरोरेषेच्या वरचा कुठलाही ठिपका अनुस्वार असतो, अक्षराच्या पोटाखालचा ठिपका नुक्ता, आणि शब्दानंतर एकावर एक दोन गोळे आले की विसर्ग. चंद्रकोर आणि ठिपका एकत्र आला तर चंद्रबिंदू. तयार नमुन्यांमध्ये नावाभोवती रंगीत ठिपके उधळलेले असतात, ते इंग्रजी नावाला बाधत नाहीत, आपल्या नावाचं शुद्धलेखन बदलतात. म्हणून नावाच्या शिरोरेषेवर आणि अक्षरांच्या खाली गोल ठिपके नकोत. ठिपके कार्डाच्या कोपऱ्यात जाऊ द्या. माशीला पंख काढा आणि ती दोरीच्या उजव्या टोकाकडे, नावापासून लांब न्या. बेडकाची जीभ तिथपर्यंत लांब करायची असेल तर ती नावाच्या वरून, मोकळ्या जागेतून जाऊ द्या. जीभ वेलांटीला चिकटली तर तीही मात्रा वाटते.

कुठलं वळण घ्यायचं? मुंबईच्या Ek Type ने केलेले दोन फॉन्ट मुलांच्या नावाला छान बसतात, आणि दोन्ही Google Fonts वर मोफत मिळतात. Baloo 2 गुबगुबीत आहे, त्याच्या पाच जाड्या मिळतात, नावासाठी सगळ्यात जाड ExtraBold घ्या. Modak त्याहून लठ्ठ, नावाप्रमाणेच, आणि त्याची एकच जाडी आहे. त्याच्या अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा अगदी बारीक चिरेएवढी असते. कार्डाच्या निम्म्या रुंदीत लिहिलेलं ‘ओवी’ त्यात सुंदर दिसतं, पण त्याच Modak मध्ये तारीख लिहिली तर चिरा बुजतात आणि अक्षरांचे गोळे होतात. फोनवर चित्र बोटाच्या पेराएवढं करून बघा. नाव तेव्हाही वाचता आलं पाहिजे.

बाकीच्या ओळी

तारीख, वेळ, जागा आणि उत्तर यांच्यासाठी एकच साधा फॉन्ट. मी Mukta वापरते, तोही Ek Type चाच. Mukta मध्ये सात जाड्या आहेत, म्हणून तारखेला जाड आणि पत्त्याला मध्यम असं एकाच घरातलं वजन वापरता येतं. ‘बेडूकउड्या मारायला या!’ ही एक ओळ हाताने लिहिल्यासारखी हवी असेल तर Kalam चालेल. तीन फॉन्ट झाले, चौथा नको.

व्हॉट्सॲपवर पाठवायच्या कार्डासाठी १०८० बाय १३५० पिक्सेलचं पान घ्या, उभं. चारी बाजूंना ९० पिक्सेलची मोकळी पट्टी सोडा. ती फक्त दोरीने ओलांडायची, बाकी कुणी नाही. नाव साधारण २५० पिक्सेल, ‘पाचवा वाढदिवस’ ६४, तारीख आणि वेळ ५६ जाड, जागा ४४, उत्तराची ओळ ४२. ४० च्या खाली काहीही जाऊ देऊ नका. फोनचा पडदा जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर ४० पिक्सेल म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर. आजोबा फोन हात लांब करून धरतात, त्यांना याहून बारीक अक्षर वाचता येत नाही.

ओळींमधलं अंतर हे मराठीत वेगळं प्रकरण आहे. इंग्रजीला १.१ किंवा १.२ पुरतं. आपल्याला खाली उकार आणि वर वेलांटी, दोन्हींना जागा लागते. आपल्याच मजकुरात वरच्या ओळीत ‘फेब्रुवारी’ आहे, त्याचा ब्रु बराच खाली उतरतो, आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘संध्याकाळी’ची वेलांटी वर चढते. अंतर १ ठेवलं तर दोघं एकमेकांत अडकतात. १.४ ठेवा, दाटी वाटली तर १.५. आणि तारीख-वेळेचा गट, जागेचा गट, उत्तराचा गट यांच्यामध्ये त्याच्या दुप्पट मोकळं सोडा. मग प्रत्येक ओळीसमोर घड्याळ, नकाशा, फोन अशी चित्रं लावायची गरज उरत नाही, तीन गट डोळ्याला आपोआप वेगळे दिसतात.

आकडे गोलमटोल फॉन्टमध्ये कधीच नको. १ आणि ९ यांच्यातला फरक एका वळणाचा असतो, जाड गुबगुबीत अक्षरात ते वळण बुजतं, आणि ११ तारखेची १९ होते. फोन क्रमांक पाच-पाचच्या दोन गटांत लिहा, सलग दहा आकडे वाचताना चूक होते. पाहुण्यांमध्ये मराठी न वाचणारे शेजारी असतील तर सगळे आकडे इंग्रजी घ्या. तारीख देवनागरी आणि फोन इंग्रजी असं मिश्रण मात्र नको.

रंगांवर फार वेळ घालवायला नको. फिकट पिवळी पार्श्वभूमी, गडद हिरवा मजकूर, नाव झाडाच्या पानासारख्या हिरव्या रंगात, पताकांमध्ये एक नारिंगी. रंगांचे आकडे टाकायचे असतील तर पार्श्वभूमी `#FFF4C2` आणि मजकूर `#14532D`. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं उन्हात दिसत नाहीत, आणि हिरव्यावर लाल अक्षरं लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्याला वाचता येत नाहीत. तयार चित्र फोनच्या फोटो ॲपमध्ये कृष्णधवल करून बघा. तारीख तेव्हाही ठळक दिसली तर रंग बरोबर आहेत. मजकुराच्या मागे बेडकाचं फिकट चित्र ठेवायचा मोह होतो, पण शिरोरेषेमागे काही रेघोट्या आल्या की अक्षर ओळखायला वेळ लागतो. बेडूक दोरीवरच राहू दे. ओवीचा फोटो मी अशा कार्डावर घालत नाही. पत्ता, फोन क्रमांक आणि मुलीचा चेहरा एकाच चित्रात असलेलं कार्ड पुढे कुणाकुणाकडे जाईल, ते आपल्या हातात राहत नाही.

तपासणी

चार शब्द मोठे करून बघा : निमंत्रण, शनिवार, गच्ची, दुसऱ्या. आपल्या मजकुरात ‘निमंत्रण’ नाही, तरी तपासण्यापुरता तो शब्द टाइप करा.

‘निमंत्रण’ आणि ‘शनिवार’ यांतली पहिली वेलांटी न च्या आधी यायला हवी. ती पुढे सरकून ‘नमिंत्रण’सारखं काही दिसलं तर त्या ॲपला देवनागरी जुळवता येत नाही. तिथे फॉन्ट बदलून उपयोग होत नाही, ॲपच बदला. ‘गच्ची’मध्ये च्ची एकसंध दिसली पाहिजे, मध्ये पाय मोडलेला च् दिसला तर फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नाही. आणि ‘दुसऱ्या’. यात र ला आडवी कोयरीसारखी खूण हवी. बऱ्याच कळफलकांवर नुसता र टाइप केला की तो ‘दुसर्या’ होतो, रफार य च्या डोक्यावर चढतो आणि शब्द चुकतो. बरोबर क्रम असा : खाली ठिपका असलेला ऱ, मग पाय मोडायची खूण, मग य. कळफलकावर ऱ सापडला नाही तर कुठल्याही मराठी मजकुरातून हा शब्द उचलून इथे चिकटवा. हिंदी कळफलक वापरत असाल तर ‘वाढदिवस’मधला ढ बघून घ्या, त्याच्या खाली आगाऊ ठिपका आलेला असतो, तो काढा.

यानंतर कार्ड अशा माणसाला दाखवा ज्याला पार्टीबद्दल काहीच माहीत नाही. दहा सेकंद दाखवून फोन काढून घ्या आणि विचारा, कधी आणि कुठे? ‘शनिवारी पाचला, डोंबिवली’ एवढं आलं तर काम झालं. नुसतं ‘बेडूक छान आहे’ आलं तर नाव आणि बेडूक थोडे लहान करा आणि तारीख मोठी करा.

छापायचं असेल तर

आजीआजोबांना हातात धरायला चार-पाच कार्डं छापायची असतील तर ए-सिक्स आकार सोयीचा, १०५ बाय १४८ मिलिमीटर. ए-फोरच्या एका कागदावर चार बसतात. ३०० डीपीआयला हे पान १२४० बाय १७४८ पिक्सेलचं होतं. व्हॉट्सॲपच्या कार्डापेक्षा ते जास्त उभट आहे, म्हणून जुनं चित्र ओढून लांब करू नका, अक्षरं बारीक-उंच होतात. नवं पान घ्या, पार्श्वभूमी वाढवा आणि गटांमधली जागा मोकळी करा. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून पार्श्वभूमी आणि दोरी चारी बाजूंना ३ मिलिमीटर बाहेर न्या. छापलेल्या कार्डात सगळ्यात बारीक अक्षर ११ पॉइंटचं ठेवा.

दुकानात नेहमी पीडीएफ द्या, ॲपमधली उघडी फाइल नको. एकदा मी फाइलच दिली होती. तिथल्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट होते. त्यांनी मजकूर स्वतः पुन्हा टाइप करून छापला, आणि घाईत पत्त्यातलं ‘पूर्व’ राहून गेलं. मला ते कार्डं वाटल्यावर कळलं. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसलेला असतो, त्यामुळे कुणाला काही टाइप करावं लागत नाही. तरी आधी एक प्रत काढून घ्या, ती ‘पूर्व’पासून फोन क्रमांकापर्यंत बोट ठेवून वाचा आणि मगच बाकीच्या काढा.

पाठवणं

व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक ओळींच्या कडा धूसर होतात. पाठवताना एचडी निवडा, किंवा चित्र डॉक्युमेंट म्हणून जोडा. चित्राबरोबर मजकूर मेसेजमध्येही टाइप करून पाठवा, कारण चित्रातल्या फोन क्रमांकावर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि ज्यांना मेसेज ऐकून कळतो त्यांच्या फोनला चित्र वाचता येईलच असं नाही :

“ओवीचा पाचवा वाढदिवस. शनिवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ ते ७.३०, केक ६ वाजता. पारिजात सोसायटी, बी विंगची गच्ची, डोंबिवली पूर्व. दुसऱ्या फाटकाने आत या. तुम्ही थांबणार की मुलांना सोडून जाणार? मुलं किती, मोठे किती, आणि अंडं किंवा शेंगदाणा चालत नाही असं कुणी आहे का, ते बुधवार, ११ पर्यंत मला कळवाल का?”

खाली फोन क्रमांक टाइप करा आणि जागेचं लोकेशन जोडा, ते गच्चीचं नव्हे तर दुसऱ्या फाटकाचं. वर्गातल्या सगळ्या मुलांना बोलावलं नसेल तर वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, एकेकाला पाठवा. एकेकाला पाठवलेल्या मेसेजला उत्तरही लवकर येतं, कारण ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी उत्तर देईल.

पाठवायचं साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे ३१ जानेवारीच्या शनिवारच्या आसपास. सोमवारी, ९ तारखेला ज्यांचं उत्तर आलेलं नाही त्यांची यादी काढा आणि त्यांना नुसतं “ओवी विचारतेय, येणार ना?” एवढं पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी येणाऱ्या सगळ्यांना तेच चित्र पुन्हा पाठवा, म्हणजे शनिवारी दुपारी आईला ते शोधत मागे जावं लागणार नाही, सगळ्यात खालीच दिसेल.